भावाची मोजपट्टी : लिनियर आणि लॉग

शेअर, निर्देशांक किंवा सोन्याच्या भावाचा चार्ट काढताना उभ्या अक्षावर भाव मांडण्याच्या दोन रीती आहेत. लिनियर, म्हणजे रेषीय मोजपट्टीवर सारख्या उंचीला सारखे रुपये असतात: १०० ते २०० आणि १०,१०० ते १०,२०० यांना कागदावर तितकीच जागा मिळते. लॉग मोजपट्टीवर सारख्या उंचीला सारखी पट असते. तिथे १०० ते २०० जितकं उंच, तितकंच १०,००० ते २०,०००, कारण दोन्हीकडे पैसे दुप्पट झाले आहेत. वर्ष-सहा महिन्यांच्या चार्टवर हा फरक बहुधा जाणवतही नाही. वीस-तीस वर्षांचा चार्ट काढला, की एकाच आकडेवारीतून दोन वेगळे इतिहास दिसू लागतात.

कोणती पट्टी कुठे योग्य, हे ती गोष्ट कशी वाढते यावर ठरतं. कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सगळे जण बघत असतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तिथे फूट हाच हिशेब: पाणी किती टक्के वाढलं हे कुणी विचारत नाही, विचारायचं कारणही नाही, म्हणून तिथे लिनियर पट्टीच बरोबर. गुंतवणुकीचं तसं नसतं. सेन्सेक्स ५०० अंकांनी पडला म्हणजे गुंतवणूकदाराचं किती गेलं, हे तो आधी कुठे होता ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

सेन्सेक्सचं उदाहरण मोजूनच बघू. त्याचं आधारवर्ष १९७८-७९, आधार १००. समजा, १५ सेंटिमीटर उंचीचा चार्ट काढला आणि वरचं टोक १,००,००० ला ठेवलं. लिनियर पट्टीवर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ६६७ अंक. लॉग पट्टीवर १०० पासून १,००,००० पर्यंत तीन दहापटी बसतात, प्रत्येकीला पाच सेंटिमीटर.

आता तीन दिवस घ्या. २८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळा उघडकीस आल्यावर, सेन्सेक्स ५७० अंकांनी, म्हणजे १२.७७ टक्क्यांनी पडला. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या धास्तीत, तो ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी पडला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४,३९० अंकांनी, पण टक्केवारीत ५.७४ नेच.

लिनियर चार्टवर या तीन घसरणींची उंची अनुक्रमे ०.९, ५.९ आणि ६.६ मिलिमीटर येते. म्हणजे १९९२ ची घसरण रेघेच्या जाडीतच हरवते आणि २०२४ ची सगळ्यांत भयंकर दिसते. लॉग चार्टवर त्याच घसरणी ३, ३.१ आणि १.३ मिलिमीटरच्या येतात. एक लाख रुपये गुंतवलेल्या माणसाचे पहिल्या दोन दिवशी तेरा-तेरा हजारांच्या आसपास गेले, तिसऱ्या दिवशी पावणेसहा हजार. खिशाला बसलेली चाट लॉग पट्टीवर खरी दिसते. ‘इतिहासातली सर्वांत मोठी घसरण’ असा मथळा अंकांवर बेतलेला असेल तर निर्देशांक जितका वर जाईल तितका तो मथळा वारंवार छापता येईल.

एका दिवसाच्या घसरणीपेक्षाही मोठी फसगत दीर्घकाळाच्या चढाबद्दल होते. लिनियर चार्टवर सेन्सेक्सची पहिली वीस-पंचवीस वर्षं तळाशी सपाट पडलेली दिसतात आणि गेल्या काही वर्षांत रेघ जवळजवळ उभी चढते. पाहणाऱ्याला वाटतं, बाजार पूर्वी झोपला होता, आता सुसाट सुटला आहे. लॉग चार्ट नेमकं उलट सांगतो. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर पोचला, म्हणजे तेरा वर्षांत सुमारे पंचेचाळीस पट. हा वेग वर्षाला चक्रवाढीने साधारण ३४ टक्के पडतो. तिथून मार्च २०२४ अखेरच्या ७३,६५१ पर्यंत बत्तीस वर्षांत साडेसोळा पट, म्हणजे वर्षाला ९ टक्क्यांच्या थोडं वर. १९९२ चं ते शिखर फुगवलेलं होतं, त्यामुळे तिथून मोजणं अन्यायाचं आहे असं म्हणता येईल. म्हणून १९९३ च्या वसंतातल्या सुमारे २,००० च्या तळापासून मोजलं, तरी वेग १२ टक्क्यांच्या आसपासच येतो. लॉग चार्टवर चढाचा कोन म्हणजेच टक्केवारीतला वेग असतो, आणि तो कोन काळाबरोबर कमी झाला आहे. लिनियर चार्टवरच्या उभ्या रेघेकडे बघून ‘आता पैसा पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढतो’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे चक्रवाढीचा आकार हाच वेग समजणं होय. कुठलीही ठरावीक टक्क्याने वाढणारी रक्कम, अगदी मुदत ठेवसुद्धा, पुरेशी वर्षं लिनियर पट्टीवर काढली की अशीच शेवटी उभी होते.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचा भाव तोळ्यावर, म्हणजे आता दहा ग्रॅमवर, बोलला जातो आणि चढउतार रुपयांत सांगितला जातो: ‘आज हजारानं उतरलं.’ भाव ३०,००० असताना हजार म्हणजे ३.३ टक्के, भाव लाखाच्या घरात असताना एकच टक्का. साज घडवायला आलेल्या गिऱ्हाइकाला रुपयांतलाच फरक कळायला हवा, कारण त्याला आजचं बिल द्यायचं आहे. पण सोन्याने पंचवीस वर्षांत काय दिलं हे बघायचं असेल, तर तीच रुपयांची सवय चार्टवर नेऊन चालत नाही.

लॉग पट्टीलाही तिच्या अडचणी आहेत. ती वरचा भाग दाबते. आपल्या १५ सेंटिमीटरच्या चार्टवर ६०,००० ते ८५,००० ही चढण पाऊण सेंटिमीटरचीच भरते. ज्याने सगळी पुंजी ८५,००० ला लावली, त्याला तिथून खाली ६०,००० पर्यंतची वाट अगदी किरकोळ दिसेल, प्रत्यक्षात ती २९ टक्क्यांची आहे. म्हणून लॉग चार्टवर घसरणीचा अंदाज नजरेने न घेता अक्षावरचे आकडे वाचून टक्के काढावेत. दुसरं, लॉग चार्टवर जुने बिंदू जोडून पट्टीने सरळ रेघ पुढे ओढायचा मोह फार होतो. त्या रेघेत चक्रवाढीचा तोच दर कायम राहील हे गृहीत धरलेलं असतं. १९९२ च्या आधीची रेघ तशीच पुढे ओढणाऱ्याचं काय झालं असतं, ते वरचे आकडे सांगतात. महागाई आणि लाभांश यांचा हिशेब दोन्ही पट्ट्यांवर वेगळाच करावा लागतो.

समोरचा चार्ट कोणत्या पट्टीवर आहे हे ओळखायला उभ्या अक्षावरचे आकडे बघावेत. सारख्या अंतरावर २०,०००, ४०,०००, ६०,००० असं असेल तर लिनियर. १००, १,०००, १०,००० असं सारख्या अंतरावर असेल, किंवा आडव्या रेघा वर जाताना एकमेकींजवळ दाटत असतील, तर लॉग. बातमीत किंवा जाहिरातीत आकडेच पुसलेले असतील, तर त्या चढाच्या कोनावरून काहीच ठरवू नये. एक्सेलमध्ये अक्षाच्या फॉरमॅटमध्ये `Logarithmic scale` वर खूण केली की पट्टी बदलते. मात्र शून्य किंवा ऋण आकडा या पट्टीवर बसत नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला. तेलाच्या लॉग चार्टवर त्या दिवसाचा बिंदू मांडताच येत नाही, आणि तेवढ्यापुरतं लिनियर पट्टीकडेच यावं लागतं.