द्विघटक सिद्धांताची पार्श्वभूमी : एका प्रश्नातून निघालेल्या दोन याद्या

आधुनिक कार्यस्थळांवरील निबंधात मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धांत सहसा दोन रकान्यांच्या तक्त्याच्या रूपात येतो. एका रकान्यात पगार, धोरणे, देखरेख आणि कामाची परिस्थिती असते, तर दुसऱ्यात यश, दखल, जबाबदारी आणि प्रगती. हे रकाने कोणत्या प्रश्नाच्या उत्तरांतून तयार झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सिद्धांताचे मूल्यमापन करायचे असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामातील समाधान ही एकाच पट्टीवर मोजायची गोष्ट मानली जात असे. रॉबर्ट हॉपॉक यांचा 1935 मधील अभ्यास याच वळणाचा होता. पट्टीच्या एका टोकाला असमाधान, दुसऱ्या टोकाला समाधान, आणि पगार वाढला किंवा साहेब बदलला की माणूस त्या पट्टीवर पुढे-मागे सरकतो, अशी ती कल्पना होती. पिट्सबर्ग येथे हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तो 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना एक विसंगती दिसली. ‘तुम्हाला काय आवडते’ असे विचारणाऱ्या अभ्यासांतून पुढे येणारे घटक आणि ‘तुम्हाला काय खुपते’ असे विचारणाऱ्या अभ्यासांतून पुढे येणारे घटक सारखे नव्हते. इतरांनी हा मोजमापातला दोष मानला असता. हर्झबर्ग यांनी त्यातून समाधान आणि असमाधान वेगवेगळ्या घटकांतून येतात असे गृहीतक मांडले.

ते तपासण्यासाठी त्यांनी पिट्सबर्ग परिसरातील 203 अभियंते आणि हिशेबनीस निवडले. पद्धत होती निर्णायक प्रसंगांची. जॉन फ्लॅनगन यांनी ती युद्धकाळातील वैमानिकांच्या अभ्यासातून विकसित केली होती आणि 1954 मध्ये तिची सविस्तर मांडणी केली होती. मुलाखतीत विचारले जाई की, नोकरीबद्दल तुम्हाला विलक्षण चांगले किंवा विलक्षण वाईट वाटले होते असा एखादा काळ आठवा आणि तेव्हा काय घडले ते सांगा. मग त्या प्रसंगात कोणकोणते घटक आले याची नोंद होई. एकाच प्रसंगात अनेक घटक येऊ शकत असल्यामुळे टक्केवाऱ्यांची बेरीज शंभर होत नाही. तक्ता वाचताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

1959 मध्ये बर्नार्ड मॉसनर आणि बार्बरा स्नायडरमन यांच्यासह त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगल्या प्रसंगांपैकी 41 टक्के प्रसंगांत काही तरी साध्य केल्याचा, 33 टक्के प्रसंगांत दखल घेतली गेल्याचा आणि 26 टक्के प्रसंगांत प्रत्यक्ष कामाचा उल्लेख होता. वाईट प्रसंगांत सर्वांत वर कंपनीची धोरणे आणि प्रशासन होते, 31 टक्के. पहिल्या गटातील घटकांना त्यांनी ‘प्रेरक’ आणि या दुसऱ्या गटातील घटकांना ‘हायजीन’ म्हटले. ‘हायजीन’ हा शब्द सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातून आला आहे : स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था रोग टाळतात, पण त्यामुळे शरीर बलवान होत नाही. त्याचप्रमाणे हे घटक बिघडले तर असमाधान निर्माण होते, सुधारले तर ते फक्त नाहीसे होते. म्हणजे असमाधानाच्या उलट समाधान नव्हे, तर केवळ असमाधानाचा अभाव. माझ्या मते सिद्धांतातला खरा नवा विचार हाच आहे. घटकांची यादी त्यामानाने दुय्यम आहे.

आता पगाराकडे पाहू, कारण सिद्धांताचा जोर आणि त्याची शिवण दोन्ही तिथे दिसतात. पगाराचा उल्लेख चांगल्या प्रसंगांपैकी 15 टक्क्यांत आणि वाईट प्रसंगांपैकी 17 टक्क्यांत होता. केवळ आकडे पाहिले तर तो दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच बसतो. तरीही लेखकांनी तो हायजीन घटकांत घातला, आणि त्यासाठी त्यांनी आकड्यांच्या मागे असलेल्या कथा वाचल्या. वाईट प्रसंगांत पगार येई तो अन्यायाच्या रूपात : वाढ उशिरा मिळाली, नाइलाजाने दिली गेली, किंवा वेतनाची पद्धतच पक्षपाती होती. चांगल्या प्रसंगांत तो केलेल्या कामाची पावती म्हणून येई. हे वाचन चतुर आहे, पण त्यातून दुसराही अर्थ निघतो : एकच रक्कम कधी प्रशासनाचे अपयश ठरते तर कधी कामाची दखल, आणि मग पगार कोणत्या रकान्यात जाईल हे रकमेवर नव्हे, तर ती कशी दिली गेली यावर ठरते. ‘पैसा माणसाला प्रेरित करत नाही’ हे निबंधांत हमखास येणारे वाक्य या माहितीतून सरळ निघत नाही. दखलेचेही तसेच. ती प्रेरक म्हणून गणली जाते, पण तिच्या अभावाचा उल्लेख 18 टक्के वाईट प्रसंगांत होता.

टीका लवकरच आली. व्हिक्टर व्रूम यांनी 1964 मध्ये दाखवून दिले की असे निष्कर्ष मुलाखतीच्या पद्धतीतूनच निघू शकतात, कारण यशाचे श्रेय माणूस स्वतःच्या कर्तृत्वाला देतो आणि अपयशाचा दोष धोरणांवर किंवा वरिष्ठांवर ढकलतो. रॉबर्ट हाउस आणि लॉरेन्स विगडर यांच्या 1967 मधील आढाव्यातही हा आक्षेप ठळक होता. एरवी ही स्वसंरक्षणाची सवय मुलाखतीत थोडाफार गोंधळ घालते. इथे मात्र तिची दिशा आणि सिद्धांताची दिशा एकच असल्यामुळे दोन्ही वेगळ्या करणे कठीण जाते. नेथन किंग यांनी तर 1970 मध्ये या सिद्धांताच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या होऊ शकतात असे दाखवले. त्यामुळे निबंध लिहिणाऱ्याने आपण कोणते विधान तपासत आहोत हे आधी ठरवणे भाग आहे.

हर्झबर्ग यांचे उत्तर मुख्यतः प्रयोगाचे होते. 1968 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात त्यांनी भागधारकांच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले. या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या सहीने पत्रे पाठवण्याची मुभा मिळाली, प्रत्येक गटात विषयवार जाणकार नेमले गेले, आणि अनुभवी कर्मचाऱ्यांच्या पत्रांची वरिष्ठांकडून होणारी तपासणी शंभर टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणली गेली. सुरुवातीला कामगिरी घसरली, मग वाढत गेली, आणि सहा महिन्यांनंतर हा गट इतर गटांच्या पुढे होता. सुरुवातीची घसरण इथे महत्त्वाची आहे : एखाद्या संस्थेने पहिल्या तिमाहीतच निकाल मागितला असता तर प्रयोग फसला असे नोंदले गेले असते. अर्थात, या उदाहरणावरून कामाची रचना बदलल्याने फरक पडतो एवढेच दिसते. हायजीन सुधारूनही तसाच फरक पडला असता का, याची चाचणी त्यात नाही. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1976 मध्ये कामाच्या रचनेचा धागा पुढे नेला तो दोन रकाने सोडूनच, आणि स्वतःच्या विकासाची ओढ प्रत्येकात सारखी नसते हेही त्यांनी मांडणीत घेतले.

आजच्या कार्यस्थळावर हे रकाने ताणले जातात ते घरून काम करण्याच्या सवलतीसारख्या बाबतीत. वरवर पाहता ती कामाची परिस्थिती आहे, म्हणजे हायजीन. पण आपला दिवस आपण आखणे ही जबाबदारीही आहे. ती दिली तेव्हा विश्वास वाटला आणि काढून घेतली तेव्हा धोरणाविरुद्ध चीड आली, असे एकच कर्मचारी सांगू शकतो, आणि मुलाखतकाराला एकाच सवलतीची नोंद दोन्ही याद्यांत करावी लागेल.