जिनिंगची किंमत वहीत एक, बाजारात दुसरी

पांढरकवड्याकडची एक जिनिंग धरू. आकडे उदाहरणापुरते माझे आहेत, पण परिस्थिती विदर्भातल्या माणसाला ओळखीची वाटेल. शेड, डबल रोलर जिन आणि गाठी बांधायचा प्रेस मिळून 2 कोटी लागले. जागा भाड्याची. आजवर 80 लाख घसारा लागला, म्हणून वहीत किंमत उरली 1 कोटी 20 लाख. यंत्रं अजून पाच वर्षं चालतील आणि शेवटी भंगाराचे 10 लाख येतील.

इकडे आजूबाजूच्या गावांनी कपाशी सोडून सोयाबीन धरलं. पूर्वी दिवाळीनंतर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आता अर्धे जिन बंदच असतात. अशा वेळी वहीतले 1 कोटी 20 लाख खरोखर वसूल होतील का, हे तपासावंच लागतं. लेखा मानक 28 तेच सांगतं. जेवढी रक्कम वसूल होणार नाही तेवढी वहीतून उतरवणं म्हणजे मूल्यघट. मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी भारतीय लेखा मानक 36 आहे, गाभा तोच.

एक हंगाम वाईट गेला म्हणून लगेच किंमत उतरवायची नसते. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात हाहाकार केला, पण तेवढ्यावरून जिनिंगची पुढची कमाई कायमची घटली असं ठरत नाही. वाईट हंगाम हा तपासणीचा इशारा आहे. कापूस परत येणार नाही असं दिसत असेल, यंत्रं पडून असतील, बाजारात तशी यंत्रं स्वस्त झाली असतील, तर मात्र हिशेब मांडायलाच हवा.

हिशेब एकेका जिनचा करता येत नाही. एकटा जिन पैसे कमावत नाही. कापूस आत येतो, रुई आणि सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते, तेव्हा कुठे पैसा दिसतो. म्हणून सगळा संच एक घटक धरायचा.

आता दोन आकडे काढायचे. पहिला विक्रीचा: गिऱ्हाईक 65 लाख देतो, खोलाई आणि दलालीचे 5 लाख वजा, हाती 60 लाख. दुसरा चालवत राहिल्याचा: वर्षाला खर्च वजा जाता 20 लाख रोख सुटतील. पण पुढच्या वर्षीचे 20 लाख आजचे 20 लाख नव्हेत. 12 टक्के दरानं ते आज 17.86 लाख होतात, पाचव्या वर्षीचे तर 11.35 लाखच. पाचही वर्षांचे मिळून 72.1 लाख, आणि भंगाराचे आजच्या मोलानं 5.7 लाख. एकूण साधारण 78 लाख.

दोन्हींतला मोठा आकडा म्हणजे वसूल होणारी रक्कम, कारण शहाणा मालक जास्त देणारीच वाट धरणार. ती 78 लाख. वहीतून 42 लाख उतरवायचे.

चुका बहुधा त्या 20 लाखांतच होतात. कर्जाचं व्याज त्यातून वजा करायचं नसतं, कारण पैशाची किंमत 12 टक्क्यांत आलेलीच आहे. पुढे नवा प्रेस बसवू आणि कमाई वाढेल, हीसुद्धा भर त्यात चालत नाही. आज आहे त्या संचाचीच कमाई मोजायची. छोट्या कंपन्यांना मानक 28 थोडी सवलत देतं: दर लावून वर्षावर्षाचं गणित न करता त्यांना वाजवी अंदाज चालतो.

नोंद साधी आहे. मूल्यघट तोटा नावे 42 लाख, संचित मूल्यघट जमा 42 लाख. नफातोटा पत्रकात त्या वर्षी 42 लाखांचा खर्च दिसतो, ताळेबंदात यंत्रं 78 लाखांवर येतात, मालकाचं भांडवलही त्यामुळे घटतं. गल्ल्यातून मात्र एक रुपया जात नाही, म्हणून रोख प्रवाहाच्या पत्रकात हे 42 लाख नफ्यात परत मिळवतात. आयकरात ही वजावट मिळत नाही. तिथे कायद्याच्या दरानं घसारा पूर्वीसारखाच चालतो.

पुढे काय होतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी घसारा वर्षाला 22 लाख होता: 120 मधून भंगाराचे 10 वजा, भागिले पाच. आता 78 वजा 10, भागिले पाच, म्हणजे 13.6 लाख. दरवर्षी 8.4 लाख कमी, पाच वर्षांत बरोबर 42 लाख. एकूण खर्च वाढला नाही, आधी मोजला गेला. म्हणून मूल्यघटीनंतरच्या वर्षांत नफा वाढलेला दिसला की बँकेनं आधी हा हलका झालेला घसारा बघावा.

आणि दोन वर्षांनी कपाशी परत आली, वसूल होणारी रक्कम 90 लाख झाली तर? तोटा उलटवता येतो, पण हवा तेवढा नाही. किंमत उतरवलीच नसती तर तोवर वहीत 76 लाख उरले असते. आत्ता आहेत 50.8 लाख. म्हणून फार तर 25.2 लाख परत चढवायचे.