जुन्या नावावरच्या दोन नोटिसा: एक मालकाची, दुसरी कंपनीची

प्रोप्रायटरशिप बंद करून धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत नेला, तरी पुढची दोन-तीन वर्षं जुन्या नावाने नोटिसा येत राहतात. पाकिटावरचं नाव तेच, पॅन तोच, जीएसटी क्रमांकही तोच. त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं जातं: 'ही फर्म आता अस्तित्वात नाही, कृपया नोंद घ्यावी.' हे उत्तर बहुतेक वेळा अंगाशी येतं. या नोटिसा दोन वेगळ्या प्रकारच्या असतात. एक खरोखरच मालकाची असते आणि तिला मालकानेच उत्तर द्यायचं असतं. दुसरीतलं उत्पन्न कंपनीचं असतं, पण ते चुकून मालकाच्या पॅनवर नोंदलं गेलेलं असतं.

'फर्म अस्तित्वात नाही' हा युक्तिवाद आला कुठून, ते आधी पाहू. मारुती सुझुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं की विलीन होऊन संपलेल्या कंपनीच्या नावाने केलेली आकारणी टिकत नाही. पुढे 2022 मध्ये महागुण रिअल्टर्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने, वस्तुस्थिती वेगळी असल्याने, विलीन झालेल्या कंपनीच्या नावाची आकारणीही टिकवली. म्हणजे कंपन्यांच्या बाबतीतसुद्धा हा नियम सरसकट लागू नाही. प्रोप्रायटरशिपला तर तो मुळातच लागू पडत नाही. विलीनीकरणात एक कायदेशीर व्यक्ती संपते. प्रोप्रायटरशिप ही वेगळी व्यक्ती कधी नव्हतीच. ते मालकाचं धंद्यापुरतं घेतलेलं नाव होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतही (आदेश 30, नियम 10) अशा नावाने धंदा करणाऱ्यावर त्या नावाने दावा लावता येतो, कारण नावामागे माणूस उभा असतो. दुकानाची पाटी उतरली तरी तो माणूस हयात आहे आणि त्याचा पॅनही चालू आहे. म्हणून नोटीस 'अमुक एंटरप्रायझेस' या नावाने आली तरी ती त्याच्याच नावाची ठरते.

मग कोणती नोटीस कोणाची, हे ओळखायचं कसं? तिच्यातला कालावधी आणि धंदा ताब्यात घेतल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. ही तारीख पकडताना मोठा घोळ होतो. कंपनी नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची तारीख इथे उपयोगाची नाही, आणि जुना जीएसटी क्रमांक रद्द झाल्याची तारीखही नाही. मालक आणि कंपनी यांच्यातल्या व्यवसाय हस्तांतरण करारात मालमत्ता आणि देणी ज्या दिवशी कंपनीकडे गेली असं लिहिलं आहे, तोच दिवस धरायचा. भागीदारी संस्था किंवा एलएलपीला कंपनी कायद्याच्या कलम 366 खाली थेट कंपनी म्हणून नोंदवता येतं आणि तिची मालमत्ता कायद्यानेच कंपनीकडे जाते. एकट्या मालकाला ही सोय नाही. त्याला नवी कंपनी काढून करारानेच धंदा तिला द्यावा लागतो. म्हणून करार आणि त्यातली तारीख हाच सगळा आधार.

एक उदाहरण घेऊ. ग्राहकांनी दिलेल्या धातूच्या भागांवर पावडर कोटिंग करून देणारा एक मालक आहे. कंपनी ऑगस्ट 2023 मध्ये नोंदली गेली आणि कराराप्रमाणे धंदा 1 ऑक्टोबर 2023 ला कंपनीकडे गेला. आयटीसी-02 भरून 3,10,000 रुपयांचं शिल्लक इनपुट क्रेडिट कंपनीच्या क्रमांकावर वळवलं. हे जुना क्रमांक रद्द करायच्या अर्जाआधीच केलं. तसंच करायचं असतं, कारण क्रमांक रद्द झाला की क्रेडिट तिथेच अडकतं. मग जुना क्रमांक रद्द झाला आणि अंतिम विवरण जीएसटीआर-10 भरलं गेलं. आता त्याच्याकडे दोन नोटिसा आहेत.

पहिली जीएसटीची आहे, डीआरसी-01 ही कर मागणारी नोटीस, सप्टेंबर 2025 मधली. 2021-22 या वर्षात, पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या 2बी या तक्त्यात दिसतं त्यापेक्षा 2,40,000 रुपये जास्त क्रेडिट घेतलं, असा तिचा आरोप. क्रमांक रद्द होऊन दोन वर्षं होत आली, मग ही कशी आली? केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 29(3) सांगतं की नोंदणी रद्द झाल्याने आधीचं देणं संपत नाही. मुदतीतही ती बसते. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाची अंतिम तारीख 31 डिसेंबर 2022 होती. कलम 73 खाली तिथून तीन वर्षांत आदेश निघाला पाहिजे आणि नोटीस त्याच्या किमान तीन महिने आधी. म्हणजे सप्टेंबर 2025 ची नोटीस शेवटच्या घटकेला आली असली तरी वेळेतच आली.

ही मालकाची नोटीस. तिचं उत्तर जुन्या क्रमांकाच्या लॉगिनमधूनच, 'प्रोप्रायटर' म्हणून सही करून द्यायचं. कंपनीच्या लेटरहेडवर संचालक म्हणून दिलेलं उत्तर नोटिशीशी जोडलं न जाण्याची भीती असते, आणि मग 'उत्तर नाही' असं समजून एकतर्फी आदेश निघतो. क्रमांक रद्द झाला म्हणून लोक लॉगिनकडे फिरकत नाहीत. नोंदलेला मोबाइल तर कधीकाळी काम सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. पण पोर्टलवर नोटीस टाकणं हीच कायद्याने (कलम 169) रीतसर बजावणी मानली जाते. म्हणून जुन्या लॉगिनमध्ये महिन्यातून एकदा तरी `Services > User Services > View Additional Notices/Orders` हे पान उघडून पाहावं. आदेश निघून गेला तर अपिलाला तीन महिने मिळतात, फार तर आणखी एक महिना माफ होतो. त्यानंतर तो रस्ता बंद होतो.

उत्तरात काय लिहायचं ते वस्तुस्थितीवर ठरतं. समजा 2,40,000 पैकी 1,75,000 रुपयांच्या बिलांचे पुरवठादार विवरण भरायला उशिरा आले आणि ती बिलं पुढच्या महिन्यांच्या 2बी मध्ये दिसतात. तर बिलवार तक्ता जोडून तेवढ्या रकमेचा खुलासा करता येतो. उरलेल्या 65,000 रुपयांना आधार नसेल, तर ते व्याजासह नोटिशीपासून तीस दिवसांत भरले की कलम 73(8) प्रमाणे दंड लागत नाही. हे पैसे रोखीनेच भरावे लागतील. क्रेडिट आयटीसी-02 ने कंपनीकडे गेलं, जुन्या खात्यात काहीच उरलेलं नाही, आणि कंपनीचं क्रेडिट जुन्या क्रमांकाच्या देण्याला चालत नाही.

आता 'कंपनी वेगळी, तिचा संबंध नाही' म्हणून संचालकांनी निर्धास्त व्हावं, असंही नाही. कलम 85 प्रमाणे धंदा घेणारा आणि देणारा दोघेही हस्तांतरणापर्यंतच्या कराला संयुक्तपणे आणि वेगवेगळे जबाबदार असतात. कर नंतर ठरला तरीही. म्हणून खात्याने कंपनीच्या बँक खात्याकडे पाहिलं तर त्याला कायद्याचा आधार आहे. उलट बाजूने, कंपनी काढल्यामुळे मिळालेली मर्यादित जबाबदारी मागच्या तारखेपासून लागू होत नाही. जुन्या वर्षांसाठी मालकाचं घरदारही मोकळं नाही. प्रत्यक्षात रक्कम कंपनीने सोसणं बहुतेकदा योग्यच असतं. भांडवली नफ्यातून सूट मिळवण्यासाठी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 47(xiv) ची अट होती की धंद्याची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे जावीत. जुना कर मालकाने खाजगीत सोसायचं ठरवलं, तर 'सर्व देणी गेली का' हा प्रश्न कोणी विचारू शकतं.

दुसरी नोटीस आयकराची, आर्थिक वर्ष 2023-24 साठी, मालकाच्या पॅनवर. मालकाने विवरणात सप्टेंबर अखेरपर्यंतची 40 लाखांची मजुरी दाखवली. पॅनवर कापलेल्या कराच्या नोंदी दाखवणाऱ्या 26एएस मध्ये मात्र 70 लाख दिसतात. फरकाचे 30 लाख कुठे गेले, असं खातं विचारतं. दिसायला ही पहिल्या नोटिशीसारखीच आहे, पण आतलं दुखणं वेगळं. ऑक्टोबरनंतरची बिलं कंपनीची होती. दोन ग्राहकांच्या लेखा विभागाने व्हेंडर मास्टरमधला पॅन बदललाच नाही आणि 1 टक्क्याने 30,000 रुपये टीडीएस जुन्या पॅनवर भरला.

इथे मालकाने करायचं ते पहिल्यापेक्षा उलट. हे उत्पन्न आपलं नाही, असं ठामपणे सांगायचं. आयकर कायद्याच्या कलम 170 प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न आधीच्या मालकाचं आणि नंतरचं घेणाऱ्याचं. मात्र 'संबंध नाही' एवढ्यावर थांबू नये. हस्तांतरण करार, ऑक्टोबरपासूनची कंपनीची बिलं, कंपनीच्या विवरणात तेच 30 लाख दाखवल्याचा पुरावा आणि दोन्ही बाजू जुळवणारा तक्ता जोडावा. नोटीस पॅनवरच्या नोंदीमुळे आली आहे, त्यामुळे तीही आपोआप रद्दबातल ठरत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे 30,000 रुपयांचा टीडीएस वाया जाऊ नये म्हणून मालकाने 30 लाख स्वतःच्या विवरणात दाखवणं. तेच पैसे कंपनीच्याही पुस्तकांत आणि जीएसटी विवरणांत असतात. एकच रक्कम दोनदा करपात्र होते, आणि धंदा ऑक्टोबरमध्ये गेला हे आपलंच म्हणणं आपणच खोडतो. तसंच उत्पन्न न दाखवता नुसता टीडीएस मागितला तर विवरण सदोष ठरू शकतं.

खरा उपाय ग्राहकाकडे आहे. त्याने टीडीएस विवरणात पॅन दुरुस्त करून कंपनीचा घालायचा. तो का टाळतो, हेही समजून घ्यावं. कलम 194सी खाली व्यक्तीला 1 टक्का आणि कंपनीला 2 टक्के दर आहे. पॅन बदलला की 60,000 कापायला हवे होते असं निघतं आणि 30,000 रुपयांच्या तुटीची मागणी ग्राहकावर येते. कंपनीने ते उत्पन्न दाखवून कर भरला असेल, तर सीएच्या प्रमाणपत्रासह फॉर्म 26ए देऊन त्या तुटीतून ग्राहक सुटू शकतो, फक्त व्याज राहतं. हे आधीच समजावून सांगितलं तर तो तयार होण्याची शक्यता वाढते. नाहीच झाला, तर आयकर नियम 37बीए(2) चा आधार आहे: उत्पन्न दुसऱ्याचं असेल तर क्रेडिटही त्या दुसऱ्याला मिळतं. विवरणातल्या टीडीएसच्या तक्त्यात 'दुसऱ्या व्यक्तीचं' असा रकाना असतो. मालक तिथे कंपनीचा पॅन देतो आणि कंपनी आपल्या विवरणात ते क्रेडिट घेते. नियमात यासाठी मालकाने ग्राहकाला लेखी घोषणापत्र द्यायचं आहे. ते दिल्याची पोच जपून ठेवावी.

कधी कधी एकाच महिन्यावर दोन्ही प्रकार येऊन बसतात. समजा कंपनीचा नवा जीएसटी क्रमांक यायला नोव्हेंबर उजाडला आणि ऑक्टोबरची बिलं जुन्या क्रमांकावरच निघाली. तेव्हा ऑक्टोबरबद्दलची जीएसटीची विचारणा जुन्या लॉगिनमधून, मालक म्हणून हाताळायची. त्याच ऑक्टोबरचं उत्पन्न आयकरात मात्र कंपनीचं म्हणून मांडायचं. दोन्ही उत्तरांत एकच जुळवणी तक्ता जोडला नाही, तर एका खात्याला दिलेलं उत्तर दुसऱ्या खात्यापुढे विसंगत दिसतं.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण त्याआधीच्या वर्षांचा हिशेब 1961 च्या कायद्यानेच होतो. म्हणून उदाहरणातल्या 2023-24 च्या नोटिशीला आज उत्तर लिहितानाही जुनी कलमंच लिहायची.