मागचा माणूस पुसल्यावर उरलेली जागा

पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर कुणाचा तरी फोटो काढला आहे असं समजू. चेहऱ्यावर ऊन छान आलंय, मागे दगडी चौकट, जाड लाकडी दार, त्यावर रांगेत ठोकलेले अणकुचीदार लोखंडी सुळे. आणि खांद्यामागे पाठीला सॅक लावलेला एक गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. त्याला काढायचं आहे. आजकाल फोनवर बोट फिरवलं की माणूस जातो, त्यामुळे हे काम म्हणजे फळा पुसण्यासारखं काहीतरी असावं अशी आपली समजूत होते. पण माणूस काढणं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ते त्याच्या जागी काय ठेवायचं ते.

आकडे घेऊन बघू. फोटो १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. त्यात या गृहस्थांनी साधारण २५० रुंद आणि ७०० उंच एवढी जागा घेतली आहे. तेवढे पावणेदोन लाख पिक्सेल पुसले की तिथे भोक पडतं. मागच्या दाराकडून येणारा प्रकाश त्या गृहस्थांच्या अंगावरच अडला, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. म्हणजे त्या जागेच्या दाराबद्दल फोटोत काहीही लपलेलं नाही. जे भरलं जाईल तो अंदाज असणार. प्रश्न एवढाच, की अंदाज कशाच्या आधाराने करायचा.

सगळ्यात साधा आधार म्हणजे काठ. भोकाच्या कडेला जे रंग आहेत ते आत पसरू द्यायचे, आणि कडेपर्यंत येऊन थांबलेल्या रेषा त्याच दिशेने आत ओढायच्या. बर्तालमिओ, सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या कल्पनेला नीट गणिती रूप दिलं. जुन्या फोटोवरची भेग, ओरखडा, डोक्यामागून गेलेली विजेची तार, अशा पाच-दहा पिक्सेल रुंदीच्या गोष्टींना ही पद्धत आजही उत्तम चालते. आपल्या गृहस्थांना मात्र ती पुरत नाही. २५० पिक्सेल रुंद भोकाच्या दोन्ही कडांकडून रंग आत येता येता मऊ होत जातो आणि मधोमध तपकिरी धुकं तयार होतं. लाकडाच्या शिरा नाहीत, सुळे नाहीत. बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

दुसरा आधार आहे फोटोतलाच बाकीचा भाग. चांगला रफूगार शालीला पडलेलं भोक बुजवताना त्याच शालीच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो, म्हणजे रंग आणि पोत आपोआप जुळतो. तसंच इथे. भोकाच्या काठावर ९ बाय ९ पिक्सेलचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा. त्यातला काही भाग माहीत आहे, काही रिकामा. माहीत असलेल्या भागाशी सर्वांत जास्त जुळणारा तुकडा उरलेल्या फोटोत शोधायचा, आणि रिकाम्या जागी त्याचे पिक्सेल आणून ठेवायचे. मग काठ थोडा आत सरकतो आणि पुढचा तुकडा घ्यायचा.

यात भरण्याचा क्रम फार महत्त्वाचा. काठाने गोल गोल फिरत, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं आत जाणं हा पहिला सुचणारा मार्ग, पण त्यात दगडी चौकटीची सरळ कड वाकडी होते, कारण ती कड भोकात शिरायच्या आधीच बाजूच्या लाकडाने तिची जागा घेतलेली असते. २००३ साली क्रिमिनिसी, पेरेझ आणि तोयामा यांनी यावर तोड काढली: ज्या ठिकाणी एखादी ठळक रेषा काठावर येऊन थडकते, आणि ज्या तुकड्याचा पुरेसा भाग आधीच पक्का माहीत आहे, त्याला पहिला नंबर. आधी रेषा जोडल्या जातात, सपाट भाग मागून भरतो.

अडचण उरते वेळेची. पावणेदोन लाख जागांपैकी प्रत्येकीसाठी १ कोटी २० लाख ठिकाणी शोध घ्यायचा तर जुळवण्यांची संख्या दोन लाख कोटींच्या वर जाते, आणि प्रत्येक जुळवणीत ८१ पिक्सेल ताडून बघायचे. २००९ साली आलेल्या ‘पॅचमॅच’ नावाच्या पद्धतीने हा डोंगर फोडला, आणि तो ज्या युक्तीने फोडला ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीला डोळे मिटून कुठलीही जागा द्यायची. बहुतेक अंदाज चुकणार हे उघड आहे, पण लाख-दीड लाख अंदाजांत काही योगायोगाने बरोबर येतातच. आता फोटोत शेजारी असलेल्या गोष्टी सहसा दुसरीकडेही शेजारीच असतात. माझ्या तुकड्याला चांगली जोडी एका सुळ्यापाशी सापडली असेल, तर माझ्या उजवीकडच्या तुकड्याची जोडी त्याच सुळ्याच्या एक पिक्सेल उजवीकडे असण्याची शक्यता दांडगी. म्हणून प्रत्येक तुकडा शेजाऱ्याची जागा एक घर सरकवून तपासतो, शिवाय आपल्या जागेच्या आसपास थोडं चाचपडतो. अशा चार-पाच फेऱ्यांत बहुतेक सगळ्यांना बऱ्यापैकी जोडी मिळते. पुढच्याच वर्षी फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीत Content-Aware Fill आलं, ते याच कल्पनेवर उभं होतं.

आता आपल्या फोटोकडे परत. प्रत्यक्ष काम करताना तीन ठिकाणी हमखास बिघडतं.

पहिलं, निवड. लोक माणसाच्या कडेला घासून निवड करतात. पण फोटोत कड कधीच एका पिक्सेलवर संपत नाही. भिंगाची पुसटता आणि जेपेगची दाबणी यांमुळे गृहस्थांच्या निळ्या शर्टाचा रंग आणखी चार-सहा पिक्सेल बाहेर सांडलेला असतो. तो काठ निवडीबाहेर राहिला की संगणक त्यालाच पार्श्वभूमी समजतो आणि भोक निळसर तुकड्यांनी भरतो. माणूस गेला तरी त्याच्या आकाराची एक फिकट आउटलाइन उरते. म्हणून निवड थोडी सैल हवी. आणि सावलीसुद्धा निवडीत हवी! फरशीवर पडलेली सावली तशीच राहिली की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. नव्या एआय साधनांत तर याहून मजेशीर प्रकार होतो: सावली किंवा बुटाचं टोक शिल्लक असेल, तर साधन त्याला साजेसा दुसराच एक माणूस तिथे उभा करून देतं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. सावली आहे म्हणजे कुणीतरी असणार.

दुसरं, केस. गृहस्थ खांद्यामागे आहेत, म्हणजे त्यांच्या शर्टावर पुढच्या व्यक्तीच्या केसांच्या सुट्या बटा आल्या आहेत. इथे निवड सैल केली तर केस कापले जातात, घट्ट केली तर बटांमधून निळा शर्ट डोकावतो. यावरचा मार्ग जरा वेळखाऊ आहे. फोटोची दुसरी प्रत वरच्या लेयरवर घ्यायची, तिच्यात फक्त पुढची व्यक्ती ठेवायची. खालच्या लेयरवर गृहस्थांच्या जागी बिनधास्त भरणा करायचा, आणि शेवटी वरच्या बटांमधला निळेपणा त्या लेयरवरच उतरवायचा. भरताना आणखी एक काळजी: पुढच्या व्यक्तीचा भाग ‘इथून तुकडे घेऊ नको’ म्हणून वगळायचा. फोटोशॉपमध्ये नमुन्याचा भाग हिरव्या रंगात दिसतो, त्यातून चेहरा आणि कपडे ब्रशने काढून टाकता येतात. हे केलं नाही तर लाकडी दारावर कुर्त्याची नक्षी उमटलेली मी पाहिली आहे, एकदा तर कान.

तिसरं, सुळे. पाणी, झाडी, वाळू, आकाश यांत तुकडे कुठूनही आणून लावले तरी चालतं, कारण कुठली लाट कुठे असायला हवी हे कुणालाच माहीत नसतं. स्टालिनशेजारी कालव्याच्या काठावर उभा असलेला त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरल्यावर त्याला सोव्हिएत कारागिरांनी त्या प्रसिद्ध फोटोतून हातानेच काढलं. त्याच्या जागी आलं ते पाणी. दार पाण्यासारखं क्षमाशील नाही. सुळ्यांच्या रांगा ठरावीक अंतरावर आहेत, आणि डाव्या काठाकडून भरत आलेली रांग उजव्या काठावरच्या रांगेला आठ-दहा पिक्सेल चुकून भेटली तरी डोळा ते पकडतो. तुकडा पद्धत फक्त ९ बाय ९ च्या खिडकीतून बघते, तिला पलीकडची रांग दिसतच नाही.

इथे न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या पद्धती खरोखर पुढे गेल्या आहेत. २०२१ मधल्या ‘लामा’ या पद्धतीचं उदाहरण घेऊ. तिला असंख्य फोटोंत मुद्दाम मोठी भोकं पाडून ती भरायला शिकवलं आहे. शिवाय ती फुरिये रूपांतर वापरते, म्हणजे चित्रात कुठली गोष्ट किती अंतराने पुन्हा येते हे पूर्ण चित्रावरून एकदम मोजते. खिडक्यांची ओळ, जाळी, फरशी, आपले सुळे, अशा ठिकाणी तिचा भरणा बराच ओळीत बसतो. पण अशा साधनांचा भरलेला भाग कधी कधी जास्तच गुळगुळीत असतो. मूळ फोटोत, विशेषतः सावलीच्या भागात, बारीक रवा, म्हणजे ठिपक्यांचा दाणेदारपणा असतो; भरलेल्या जागेत तो नसतो. फोटो २०० टक्के मोठा करून उजेड वाढवला की तो डाग वेगळा दिसतो. तिथे थोडा कृत्रिम रवा टाकला की मिसळून जातो. तुकडा पद्धतीला हा त्रास कमी, कारण ती तुकड्याबरोबर रवाही उचलून आणते; तिची चोरी पकडायची तर एकच लाकडी गाठ दोनदा दिसते का ते शोधावं.

तरीही, एखादा सुळा खरंच तुटलेला असेल आणि तो नेमका गृहस्थांच्या मागे असेल, तर यातली कुठलीही पद्धत तिथे तुटका सुळा दाखवणार नाही. ती माहिती मिळवायची तर फोटो काढतानाच मिळवावी लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून काही सेकंदांच्या अंतराने पाच फोटो काढले, आणि एका ठिकाणच्या पिक्सेलची उजळता ११२, ११४, ११३, ४१, ११३ आली, तर ४१ म्हणजे तिथून कुणीतरी गेलं. सरासरी काढली तर ९८.६ येते आणि फोटोत भुतासारखी पुसट आकृती उरते. चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घेतली तर ११३ येते, म्हणजे खरं दार. अट एवढीच की प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असली पाहिजे. मोबाइलमध्ये रमलेले गृहस्थ पाचही फोटोंत तिथेच उभे असतील तर मधली किंमतही त्यांचीच येणार.

पुढे उभी असलेली व्यक्ती पाच फोटोंत पुतळ्यासारखी थांबत नाही, म्हणून पोर्ट्रेटला हे जसंच्या तसं लागू होत नाही. त्यासाठी सोपा उपाय असा, की मनासारखा फोटो मिळाल्यावर मागचा माणूस हलेपर्यंत थांबायचं आणि त्याच जागेवरून, त्याच झूमवर, फोकस आणि उजेड कुलूपबंद ठेवून रिकाम्या दाराचा एक फोटो घ्यायचा. फोन हातात असेल तर दोन्ही फोटो थोडे सरकलेले असतात, ते प्रोग्रामने जुळवून घेता येतात. पण तुम्ही पाऊलभर जरी बाजूला झालात तर पुढे आलेले सुळे आणि मागच्या फळ्या एकमेकांच्या तुलनेत सरकतात, आणि मग कितीही जुळवलं तरी दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत.