‘तोदोस’मध्ये कोण कोण? स्पॅनिशमधल्या एका ‘ए’ची पार्श्वभूमी

जून 2018. अर्जेंटिनाच्या कनिष्ठ सभागृहात गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारं विधेयक मतदानाला येणार होतं आणि ब्युनोस आयर्समधल्या काही शाळा विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतल्या होत्या. टीव्हीवर एका विद्यार्थिनीला प्रश्न विचारले जात होते. मत पक्कं न झालेल्या खासदारांबद्दल बोलताना ती ‘लोस दिपुतादोस इंदेसीसोस’ न म्हणता ‘लेस दिपुतादेस इंदेसीसेस’ म्हणाली. नेहमीच्या ‘ओ’च्या जागी प्रत्येक ठिकाणी ‘ए’. ती अडखळली नाही, हे ऐकणाऱ्यांना जास्त खटकलं असावं. ती क्लिप देशभर फिरली. तोवर चळवळीतल्या लोकांपुरता असलेला हा ‘ए’ मग घरोघरच्या जेवणाच्या टेबलावर भांडणाचा विषय झाला.

भांडण समजून घ्यायचं तर आधी व्याकरण. स्पॅनिशमध्ये माणसांसाठी दोनच लिंगं आहेत. ‘सगळे’ म्हणजे ‘तोदोस’, ‘सगळ्या’ म्हणजे ‘तोदास’. वर्गात एकोणतीस मुली आणि एक मुलगा असला, तरी शिक्षकाने ‘तोदोस’च म्हणायचं, असा नियम. लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होतं, पण मिश्र घोळक्याला तिथेही पुल्लिंगच लागायचं. स्पॅनिशमध्ये तर नामांचं नपुंसकलिंगच उरलं नाही. मराठी माणसाला इथे जरा हेवा वाटावा अशी आपली सोय आहे. मुलगे आणि मुली एकत्र आले की आपण बिनदिक्कत ‘मुलं आली’ म्हणतो, आणि ‘आम्ही’ म्हणताना लिंग सांगावं लागत नाही. स्पॅनिश बाईला ‘आम्ही’ म्हणतानाही ‘नोसोत्रोस’ की ‘नोसोत्रास’ हे ठरवावं लागतं. (आपलंही सगळं आलबेल नाही. ‘सगळे आले’ म्हणताना आपणही पुल्लिंगच वापरतो.)

या नियमावरचा पहिला उपाय नवा नाही. साधारण 1200च्या सुमारास रचलेल्या ‘मिओ सिद’च्या काव्यात देशोधडीला लागलेला नायक बुर्गोस शहरात शिरतो, तेव्हा त्याला बघायला बायका आणि पुरुष बाहेर येतात, खिडक्यांत नगरातले पुरुष आणि नगरातल्या बायका दाटतात. कवीने दोन्ही रूपं दिली आहेत, कारण सगळं शहर लोटलं होतं हे त्याला दाखवायचं होतं. ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ या धाटणीची जोडसंबोधनं तर स्पॅनिशमध्ये कायमच होती. वाद जोडरूपाच्या असण्याबद्दल कधीच नव्हता. ते प्रत्येक वाक्यात हवं का, याबद्दल होता.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर 1975मध्ये वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत स्पेनमधल्या विवाहित बाईला अनेक कायदेशीर व्यवहारांसाठी नवऱ्याची परवानगी लागत असे. रेआल अकादेमिया, म्हणजे स्पॅनिश भाषेची 1713 सालापासूनची अकादमी. तिने पहिली पूर्ण सदस्य स्त्री निवडली ती 1978मध्ये, कवयित्री कार्मेन कोंदे. अशा काळात ‘पुल्लिंगात बायका आपोआप येतात’ हे वाक्य ऐकणाऱ्या बाईला ते निव्वळ व्याकरणाचं वाटणं कठीणच होतं.

आणि नेमका याच काळात तो ‘ए’ पहिल्यांदा छापून आला. सुचवणारा ना भाषातज्ज्ञ होता, ना तरुण कार्यकर्ता. आल्वारो गार्सिया मेसेगेर हे स्थापत्य अभियंते, प्रबलित काँक्रीटवरच्या पाठ्यपुस्तकामुळे स्पेनच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ठाऊक असलेलं नाव. 1976मध्ये ‘काम्बियो 16’ या साप्ताहिकात त्यांनी सुचवलं की पुरुषासाठी ‘ओ’ आणि बाईसाठी ‘आ’ राहू द्या, आणि लिंग सांगायचं नसेल तिथे ‘ए’ वापरा. गंमत अशी की हा अभियंता विषय सोडून पळाला नाही. तो त्यावर वर्षानुवर्षं वाचत-लिहीत राहिला आणि 1994च्या पुस्तकात जवळजवळ उलट निष्कर्षाला आला: दोष स्पॅनिशच्या व्याकरणात नाही, बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात आहे. आज ‘ए’ला विरोध करणारे त्याचा उत्तरार्ध सांगतात, समर्थक पूर्वार्ध.

तेव्हा तो ‘ए’ कुणी उचलला नाही. 1980च्या दशकात सरकारी संस्था, विद्यापीठं, कामगार संघटना यांनी भाषावापराच्या मार्गदर्शिका काढल्या, त्यात भर जोडरूपांवर आणि समूहवाचक नामांवर होता. ‘विद्यार्थी’ऐवजी ‘विद्यार्थिवर्ग’ म्हणा (आलुम्नादो), ‘नागरिक’ऐवजी ‘नागरिकसमूह’ म्हणा (सिउदादानिया), अशा सूचना. त्यांचा हेतू स्पष्ट होता: बाई शब्दात दिसली पाहिजे, निदान पुरुषाआड लपता कामा नये.

जोडरूप कुठे अडतं हे एका वाक्यावर बघू. ‘विद्यार्थी दमले आहेत’: ‘लोस आलुम्नोस एस्तान कान्सादोस’. जोडरूप करू: ‘लोस आलुम्नोस ई लास आलुम्नास एस्तान…’ आणि इथे गाडी थांबते. ‘दमलेले’ हे विशेषणही लिंगाप्रमाणे बदलतं. ‘कान्सादोस’ म्हटलं तर मागच्या दाराने पुल्लिंग परत आलं. ‘कान्सादोस ई कान्सादास’ म्हटलं तर चार शब्दांच्या वाक्याचे नऊ शब्द झाले. पुढच्या वाक्यात ‘ते’ आलं की पुन्हा तेच.

याचं टोकाचं उदाहरण व्हेनेझुएलाच्या 1999च्या राज्यघटनेत आहे. जन्माने व्हेनेझुएलन असलेल्यांनाच कोणती पदं मिळतील हे सांगणारं कलम 41 बघा. जन्माने व्हेनेझुएलन पुरुष आणि व्हेनेझुएलन स्त्रिया, मग राष्ट्राध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्षा, कार्यकारी उपाध्यक्ष किंवा उपाध्यक्षा, अशी जोड्यांची रांगच्या रांग. मार्च 2012मध्ये अकादमीचे व्याकरणकार इग्नासिओ बोस्के यांनी ‘एल पाईस’ दैनिकात या मार्गदर्शिकांची झाडाझडती घेतली, तेव्हा त्यांनी हेच कलम पुढे ठेवलं. त्यांचा मुख्य मुद्दा मात्र लांबीचा नव्हता. समाजात स्त्रियांवर अन्याय होतो, भाषेचा वापरही अन्यायकारक असू शकतो, हे त्यांना मान्य होतं. पण त्यावरून प्रत्येक पुल्लिंगी अनेकवचन बाईला वगळतं असं ठरत नाही, आणि मार्गदर्शिका लिहिणारेसुद्धा घरी बोलताना या सूचना पाळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला हा दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो. पहिल्याबद्दल मात्र वाटतं की ‘वगळलं का’ हे व्याकरणकाराने सांगायचं की ऐकणाऱ्या बाईने, हा प्रश्न त्यांच्या लेखात सुटत नाही.

दरम्यान कळफलकाने एक पळवाट काढली होती. 1990च्या दशकात ईमेल आला आणि ‘@’ हे चिन्ह घरोघर पोचलं. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव ‘आर्रोबा’, मुळात साडेअकरा किलोच्या आसपासचं एक जुनं वजन. दिसायला मात्र ते ‘ओ’च्या पोटातला ‘आ’. मग पत्रकांवर tod@s दिसू लागलं. पुढे आक्षेप आला की यात तरी दोनच लिंगं आहेत, स्वतःला पुरुष किंवा स्त्री न मानणाऱ्यांचं काय? म्हणून ‘ओ’ आणि ‘आ’ दोघांवर फुली मारणारं todxs. दोन्ही कागदावर चालतात, पण मोठ्याने वाचता येत नाहीत, आणि अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे अडखळतं. सभेत घोषणा द्यायची तर तोंडातून निघेल असा स्वर हवा. अभियंत्याचा ‘ए’ अशा रीतीने चाळीसेक वर्षांनी परत आला.

पण परतताना त्याचं काम बदललं होतं, आणि इथेच गोंधळ होतो. जोडरूपवाल्यांना बाई दिसायला हवी होती. ‘ए’मध्ये बाई पुन्हा दिसेनाशी होते, तिथे कुणाचंच लिंग दिसत नाही. त्यामुळे जुन्या पिढीतल्या काही स्त्रीवादी बायकांनाही तो नको आहे, आणि त्या अकादमीच्या बाजूच्या आहेत असं मुळीच नाही.

तो चालतो कसा? वरचं वाक्य: ‘लेस आलुम्नेस एस्तान कान्सादेस’. पुन्हा चारच शब्द, क्रियापद तेच. ‘आमिगोस’चं ‘आमिगेस’ करताना स्पेलिंगमध्ये एक ‘यू’ घालावा लागतो, नाहीतर ‘ग’चा ‘ख’ होतो. एकवचनी ‘तो/ती’साठी ‘एये’. अडचण येते ‘प्रोफेसोरेस’सारख्या शब्दांत. हे पुल्लिंगी अनेकवचन मुळातच ‘एस’वर संपतं. तिथे फक्त आधीचं ‘लेस’ काय ते सांगतं. आणि ‘लेस’ हा ‘त्यांना’ या अर्थाचा जुना शब्द आधीपासून भाषेत आहेच.

स्पेनमध्ये भांडण मंत्रालयांच्या पायरीवर जास्त रंगलं. 2008मध्ये समानता मंत्री बिबियाना आईदो संसदीय समितीत ‘म्येंब्रोस ई म्येंब्रास’ म्हणाल्या आणि ‘सदस्या’ या रूपावरून टवाळी झाली. (‘प्रेसिदेंता’, म्हणजे अध्यक्षा, हा शब्द अकादमीच्या शब्दकोशात 1803पासून आहे. टवाळी करणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतं.) 2018मध्ये उपपंतप्रधान कार्मेन काल्वो यांनी राज्यघटनेच्या भाषेबद्दल अकादमीचं मत मागवलं, जानेवारी 2020मध्ये उत्तर आलं की घटनेचं व्याकरण बिनचूक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकादमीने आपल्या ‘शब्द निरीक्षणशाळे’त ‘एये’ची नोंद टाकली. ती शब्दकोशातली मान्यता नव्हे, नुसतं ‘हा शब्द आढळतो’ एवढंच. तरीही गदारोळ उठला आणि काही दिवसांतच नोंद काढून टाकली गेली.

अर्जेंटिनात वादाला चांगले वकील मिळाले. लेखिका-समीक्षक बेआत्रिस सार्लो आणि तिथल्या भाषा अकादमीत शब्दकोशाचं काम करणारे सांतियागो कालिनोव्स्की यांची यावरची चर्चा 2019मध्ये पुस्तकरूपाने आली. सार्लोंचा मुद्दा असा की भाषा कुणाच्या हुकुमाने बदलत नाही. कालिनोव्स्कींनी प्रश्नच हलवला: हा व्याकरणातला बदल नाहीच, हा वक्तृत्वाचा भाग आहे. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं लक्ष अन्यायाकडे वेधायचं असतं, म्हणून ‘ए’ खटकणारच. मला हे पटतं. कालिनोव्स्कींचं म्हणणं खरं धरलं, तर ज्या दिवशी ‘तोदेस’ कुणाच्या कानाला लागणार नाही, त्या दिवशी त्याची धारही गेलेली असेल.

बंदी घालणाऱ्यांनी मात्र त्याला व्याकरणच मानलं. जून 2022मध्ये ब्युनोस आयर्स शहराच्या शिक्षण खात्याने शाळेतल्या शिकवण्यात आणि पालकांना जाणाऱ्या पत्रांत ‘ए’, x आणि @ वापरायला मनाई केली. कारण दिलं ते मुलांच्या वाचनाच्या घसरलेल्या निकालांचं. फेब्रुवारी 2024मध्ये हाविएर मिलेई यांच्या सरकारने केंद्रीय प्रशासनाच्या सगळ्या कागदपत्रांवर तीच मनाई लावली. प्रवक्ते मानुएल आदोर्नी यांनी पत्रकारांना ती तीन चिन्हं मोजून दाखवली आणि पुढे आणखी एक गोष्ट जोडली: कागदपत्रांत स्त्रीलिंगी रूपांचा अनावश्यक समावेशही टाळायचा. म्हणजे नव्या ‘ए’बरोबर सरकारी टिपणातलं ‘तोदोस ई तोदास’सुद्धा आता संशयित.