०.४५ मोठं की ०.८? चुकीच्या उत्तरामागचा तर्क

दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेल्या वर्गात विचारून पाहा: ०.८ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.४५ सांगतील आणि कारणही देतील, "पंचेचाळीस आठापेक्षा मोठे ना!"

"नीट लक्ष देऊन वाच" असं सांगून इथे काही होत नाही, कारण मूल लक्ष देऊनच चुकलेलं असतं. जास्त अंकांची संख्या मोठी, हा नियम पूर्ण संख्यांमध्ये त्याला आजवर कधी दगा देत नाही. नवी गोष्ट त्याच चौकटीत बसवून ते मोकळं होतं. जाँ पियाजे यांनी याला सात्मीकरण म्हटलं. चौकटच अपुरी पडते आणि ती बदलावी लागते, तेव्हा होतं ते समायोजन. ज्ञानरचनावादाचा गाभा इतकाच, की मूल नवं ज्ञान हाताशी असलेल्या ज्ञानातून स्वतः रचतं. फळ्यावरचं व्याख्यान ऐकतानाही ते रचतच असतं, फक्त काय रचलं ते आपल्याला दिसत नाही.

ते दिसावं म्हणून प्रश्न निवडावे लागतात. ०.८५ आणि ०.८ ही जोडी दिली, तर 'लांब ती मोठी' मानणारं मूलही बरोबर उत्तर देईल आणि तुम्ही समाधानाने पुढे जाल. याउलट काही मुलं 'शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन अंकांची संख्या लहान' असं धरून चालतात. ती ०.८ आणि ०.४५ या जोडीत बरोबर ठरतात, पण ०.६२ आणि ०.५ मध्ये ०.५ ला मोठं म्हणतात. म्हणून दोन्ही जोड्या द्या आणि उत्तराखाली एका ओळीत कारण लिहायला लावा. नुसत्या बरोबर-चूकच्या खुणांपेक्षा ती एक ओळ जास्त बोलते.

*थांबून विचार करा: तुमच्या शेवटच्या पाठातला कोणता प्रश्न चुकीच्या समजुतीनेही बरोबर सुटला असता?*

आता कृती. जोडीजोडीने दहा बाय दहा घरांचे कागद द्या आणि 'हा अख्खा चौकोन म्हणजे १' हे स्पष्ट सांगा. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा, मग एका कागदावर ०.८ आणि दुसऱ्यावर ०.४५ रंगवायचं. अंदाज लिहून घेणं टाळू नका. तो कागदावर नसेल, तर मूल रंगवून झाल्यावर "मला माहीतच होतं" म्हणतं आणि जुन्या समजुतीला धक्काच लागत नाही.

एखादी जोडी ०.८ साठी आठच घरं रंगवते. त्यांचा कागद दुरुस्त करायला हात शिवशिवतील, पण थांबा. विचारा, "तुमच्या हिशोबाने ०.१ म्हणजे किती?" "एक घर." "मग असे दहा ०.१ घेतले तर?" मुलं मोजतात आणि एकच ओळ भरते. चौकोन भरायला हवा होता, कारण दहा दशांश मिळून १ होतो. इथे मुलांना आपल्याच उत्तरातली विसंगती सापडते. बहुतेक जोड्या मग ०.१ म्हणजे अख्खी ओळ यावर येतात आणि ०.८ साठी ऐंशी घरं रंगवतात. शेजारी पंचेचाळीस घरांचा कागद असतोच.

मात्र सगळंच मुलांनी शोधावं, असा हट्ट धरू नये. दशांशचिन्हानंतरचं पहिलं स्थान दशांशाचं आणि दुसरं शतांशाचं, हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. कितीही घरं रंगवली तरी तो आपोआप सापडणार नाही, तो सरळ सांगावा. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये अल्प मार्गदर्शनाच्या अध्यापनावर घेतलेला आक्षेप याच दिशेचा होता: नवख्याला मोकळं सोडलं की त्याची स्मृती वाट शोधण्यातच खर्ची पडते. मला तो आक्षेप रास्त वाटतो. 'आधी अख्ख्या चौकोनाचे दहा सारखे भाग करून पाहा' एवढा आधार अडलेल्या जोडीला जरूर द्या, आणि पुढच्या संख्येला काढून घ्या.

*थांबून विचार करा: तुमच्या पाठात सांगावंच लागेल असं काय आहे, आणि मुलांनी स्वतः जुळवावं असं काय?*

एक सापळा उरतो: 'शून्य लावून अंक सारखे करा' ही युक्ती. ०.८ चं ०.८० केलं की मूल ऐंशी आणि पंचेचाळीस यांची तुलना करतं. उत्तर बरोबर येतं, पण विचार तोच जुना, पूर्ण संख्यांचा! तो तपासायचा तर आठवडाभराने, चौकोनाचा कागद न देता विचारा: ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये एखादी संख्या आहे का?

*थांबून विचार करा: "नाही, तीननंतर चारच येतात" असं कोणी म्हटलं, तर तुमचा पुढचा प्रश्न कोणता असेल?*